कर्ज घेतलं कुणी? ‘सह’ आणि ‘आणि’ यांतला फरक

(शिरूर कासार परिसरातील बचत गटांसाठी सादर झालेले रेडिओ भाषण)

भाकरी थापत ऐकत असाल तर थापत राहा, शेळ्यांमागं असाल तर शेळ्यांवर एक डोळा ठेवा. आज आम्ही बोलणार आहोत गटाच्या इतिवृत्ताच्या वहीबद्दल, आणि त्या वहीतल्या दोन अक्षरी शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे ‘सह’. अध्यक्षांसह, सचिवांसह, जावेसह. लिहिताना वाटतं, ‘आणि’ लिहिलं काय अन् ‘सह’ लिहिलं काय, अर्थ एकच. तो एकच नाही, हे आम्हाला एका कर्जामुळं कळलं. नावं सांगत नाही, नुसत्या थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ म्हणतो.

दोघी एकाच गटात. दोघींनी मिळून शेळ्या घ्यायच्या ठरवल्या. गटानं 20,000 रुपये दिले. चार शेळ्या आल्या, दोन थोरलीच्या अंगणात बांधल्या, दोन धाकटीच्या. परतफेड महिन्याला 2,000 रुपये मुद्दल आणि राहिलेल्या रकमेवर शेकडा 1 रुपया व्याज. तीन हप्ते वेळेवर आले, म्हणजे 6,000 रुपये फिटले. मग दिवाळी झाली, थोरली नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली आणि चौथा हप्ता आला नाही. आम्ही धाकटीकडं गेलो. ती म्हणाली, “कर्ज जाऊबाईंचं आहे. मी नुसती सोबत होते. वही काढून बघा.”

वही काढली. त्यात आम्हीच लिहिलेलं होतं: “थोरल्या जावेने धाकट्या जावेसह शेळ्यांसाठी 20,000 रुपये कर्ज घेतले.”

आम्ही ते वाक्य दोनदा वाचलं, चारदा वाचलं. धाकटी खोटं बोलत नव्हती. त्या वाक्यात तिचं नाव होतं, पण कर्ज घेणारी म्हणून नव्हतं. हे कसं, ते आता सावकाश उलगडून बघू.

वाक्यातलं काम करणाराला आपण शाळेत कर्ता म्हणायला शिकलो, आणि कामाच्या शब्दाला क्रियापद. मराठीत क्रियापद कर्त्याकडं बघून आपलं रूप बदलतं. सखू बाजारात गेली. सखूचा नवरा बाजारात गेला. बाया बाजारात गेल्या. बाई एक की अनेक, बाई की बाप्या, हे क्रियापद सांगतं.

आता सखूबरोबर तिची सून पण गेली. हे दोन प्रकारे सांगता येतं. पहिला प्रकार: “सखू आणि तिची सून बाजारात गेल्या.” दुसरा प्रकार: “सखू सुनेसह बाजारात गेली.” बाजारात पायं दोघींचीच गेली. पण पहिल्या वाक्यात ‘गेल्या’ आहे, दुसऱ्यात ‘गेली’. पहिल्या वाक्यात कर्त्या दोघी आहेत. दुसऱ्यात कर्ती एकटी सखू, आणि सून तिच्या गाठोड्यासारखी बरोबर आहे.

असं का होतं? ‘आणि’ हा शब्द दोन नावांना एका जोत्याला जुंपतो. दोन्ही बैल सारखेच. व्याकरणात त्याला उभयान्वयी अव्यय म्हणतात. ‘सह’ तसा नाही. तो एका नावाला चिकटतो आणि ते नाव बाजूला नेतो. त्याला शब्दयोगी अव्यय म्हणतात. ‘सह’ची भावंडं पुष्कळ आहेत: सोबत, बरोबर, सहित, सकट, समवेत. सगळ्यांचा स्वभाव एकच. यांतला कुठलाही शब्द ज्या नावाला चिकटला, त्या नावाकडं क्रियापद बघतच नाही.

हे ओळखायची खूण कानाला ऐकू येते. ‘सह’ चिकटला की नावाचं रूप बदलतं. सून होती, ती सुनेसह झाली. जाऊ होती, ती जावेसह झाली. मुलगा होता, तो मुलासह झाला. बाया होत्या, त्या बायांसह झाल्या. ‘आणि’ लावून बघा: सखू आणि सून, थोरली आणि धाकटी जाऊ, आई आणि मुलगा. कुणाचंच रूप बदललं नाही. जे नाव ‘सह’पुढं वाकलं, ते कर्ता नाही, एवढं धरून चाला. काही नावांत वाकणं दिसत नाही, सखूचं सखूसहच राहतं. तिथं पाठीमागं चिकटलेला ‘सह’ बघायचा.

आणखी एक सांगतो. मराठीत ‘सह’वालं नाव कर्त्याच्या आधीही येतं. “सुनेसह सखू बाजारात गेली.” इथं पहिलं नाव सुनेचं आहे, पण कर्ती सखूच. म्हणून जागा बघू नका, चिकटलेला शब्द बघा.

आता आमच्या वहीकडं परत येऊ. तिथं गुंता जास्त होता, कारण वाक्यात ‘जावेने’ होतं. खाणं, घेणं अशा क्रियापदांनी झालेली गोष्ट सांगताना आपण कर्त्याला ‘ने’ लावतो: सखूने भाकरी खाल्ली, सखूने आंबा खाल्ला. बघा, खाणारी तीच सखू, पण क्रियापद भाकरीकडं बघून ‘खाल्ली’ झालं आणि आंब्याकडं बघून ‘खाल्ला’. म्हणजे ‘ने’ लागला की क्रियापद कर्त्याला सोडून ज्या वस्तूवर काम झालं तिच्याकडं बघतं. आमच्या वाक्यात ‘घेतले’ हे कर्जाकडं बघून आलं होतं. ‘एका जावेने कर्ज घेतले’ म्हणा, ‘दोघी जावांनी कर्ज घेतले’ म्हणा, ‘घेतले’ तसंच राहतं. म्हणजे घेणाऱ्या किती, याची साक्ष क्रियापद देतच नव्हतं. सगळा भार एकट्या ‘सह’वर आला, आणि ‘सह’नं धाकटीला बाजूला नेऊन बसवलं होतं.

अशा वाक्याला आम्ही आता एक चाचणी लावतो. झालेली गोष्ट रोजची करून म्हणून बघायची. ‘घेतले’ ऐवजी ‘घेते’ की ‘घेतात’, कुठलं तोंडात बसतं? “थोरली जाऊ धाकट्या जावेसह कर्ज घेते.” बसलं. म्हणजे घेणारी एक. “थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ कर्ज घेतात.” म्हणजे घेणाऱ्या दोन. ‘ने’मुळं झाकलेला कर्ता असा उघडा पडतो.

ही चाचणी आणखी एका ठिकाणी उपयोगी पडते. “सखू लेकरांसह आली” आणि “सखू आणि लेकरं आली”, दोन्हीकडं ‘आली’च ऐकू येतं. कारण लेकरू हे नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचनी ‘आली’ आणि बाईचं एकवचनी ‘आली’ सारखंच दिसतं. रोजचं करून बघा: “सखू लेकरांसह येते”, “सखू आणि लेकरं येतात”. फरक लगेच दिसला.

पण एक जागा अशी आहे की तिथं ही चाचणीही हात टेकते, आणि नेमकी तीच जागा आपल्या वहीत सारखी येते. ती म्हणजे मानाची जागा. अध्यक्षा एकट्या असल्या तरी आपण म्हणतो, “अध्यक्षा बँकेत गेल्या.” अध्यक्षा जातात, अध्यक्षा जातील. मान द्यायचा म्हणून एकीला अनेकवचन. मग “अध्यक्षा सचिवांसह पैसे काढतील” असा ठराव लिहिला, तर ‘काढतील’ हे मानाचं की दोघींचं? क्रियापद गप्प बसतं. ‘सह’चा नियम लावला तर काढणाऱ्या अध्यक्षा, सचिव नुसत्या बरोबर. पण गटाच्या मनात असतं की दोघींच्या सह्या झाल्याशिवाय पैसे निघू नयेत. मनातलं एक आणि कागदावरचं दुसरं. म्हणून बँकेच्या व्यवहाराचा ठराव लिहिताना क्रियापदावर विसंबू नका. मोजून लिहा: “अध्यक्षा आणि सचिव या दोघींच्या सह्यांनी पैसे काढले जातील.” ‘या दोघींच्या’ हे शब्द आले की वाद संपला.

आता मोजण्यावरून दुसरी गोष्ट. हजेरी लिहिताना आपण लिहितो, “अध्यक्षांसह दहा सभासद हजर होत्या.” सांगा बरं, सतरंजीवर किती जणी होत्या? काहीजणी म्हणतील दहा, त्यातच अध्यक्षा आल्या. काहीजणी म्हणतील अकरा, दहा आणि वर अध्यक्षा. व्याकरणानं बघितलं तर ‘होत्या’ हे ‘दहा सभासद’ यांच्याकडं बघतं, अध्यक्षांकडं नाही. पण त्या दहांत अध्यक्षा धरल्या की नाही, ते क्रियापद सांगू शकत नाही. वर्तमानपत्रात “चालकासह पाच जण जखमी” असं येतं, तेव्हा बहुतेक वेळा एकूण पाचच असतात. बातमीत ते खपून जातं. पण आपल्या गटात ठराव किती जणींच्या संमतीनं झाला, बचत किती जणींची जमा झाली, यात एकीचा फरक पडला तरी हिशेब चुकतो. म्हणून “एकूण 10 सभासद हजर, त्यांत अध्यक्षा धरून” असं लिहा.

कुणी विचारेल, मग ‘तसेच’ चं काय? “अध्यक्षा तसेच सचिव हजर होत्या” असं आपण लिहितो. इथं नावाचं रूप वाकलं का? नाही. ‘तसेच’ नावाला चिकटलं का? नाही, सुटं राहिलं. म्हणजे तो ‘आणि’च्या घरातला. “सखू तसेच तिची सून गेल्या” असंच म्हणायचं, ‘गेली’ नाही. ‘व’ही त्याच घरातला.

हे मुद्दाम सांगितलं, कारण तुमच्या लेकी शाळेत इंग्रजी शिकतात आणि तिथं वेगळं असतं. इंग्रजीत ‘अलाँग विथ’ आणि ‘टुगेदर विथ’ हे आपल्या ‘सह’सारखे, ते आले तरी क्रियापद पहिल्या नावाकडंच बघतं. “द टीचर अलाँग विथ द गर्ल्स इज कमिंग.” बाई एक, म्हणून ‘इज’, मुली कितीही असोत. पण ‘अॅज वेल अॅज’ म्हणजे ‘तसेच’ असं पाठ केलेली मुलगी इथं फसते. ती मराठीसारखं अनेकवचन करून ‘आर’ लिहिते. इंग्रजीत ‘अॅज वेल अॅज’लाही ‘सह’चाच नियम आहे, तिथंही ‘इज’च लिहायचं. लेक अभ्यासाला बसली की तिला एवढंच विचारा, “मधलं बाजूला काढून वाच बरं.” ‘अलाँग विथ द गर्ल्स’ काढलं की उरतं “द टीचर इज कमिंग”. कानालाच बरोबर वाटतं. मराठीतही ही युक्ती चालते. ‘सुनेसह’ काढा, “सखू बाजारात गेली” हे वाक्य पुरं उभं राहतं. ‘सह’वालं नाव काढूनही वाक्य अडत नाही. अडचण तीच आहे बायांनो, ते नाव काढलं तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

इथं आम्हाला आपल्या शिरूर तालुक्यातली एक ओळखीची गोष्ट आठवते. सिंदफणेच्या काठावरून आणि बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून दरसाल किती घरं ऊसतोडीला जातात, ते तुम्हाला सांगायला नको. मुकादमाकडं नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. उचल जोडीवर मिळते, हिशेब जोडीवर होतो. आणि बोलताना काय म्हटलं जातं? “तो बायकोसह तोडीला गेला.” ‘गेला.’ क्रियापदानं एकट्या नवऱ्याकडं बघितलं. पहाटे उठून भाकरी बांधून घेणारी, नवऱ्याच्या बरोबरीनं ऊस तोडणारी, मोळ्या बांधून डोक्यावर वाहून गाडीपर्यंत नेणारी बाई ‘सह’मध्ये गेली. मजकुरातून ती काढली तरी “तो तोडीला गेला” हे वाक्य पुरं.

तेच “नवरा-बायको तोडीला गेले” असं म्हटलं, की दोघं कर्ते झाले. तोडतात, वाहतात, कमावतात. काम होतं तेवढंच राहतं, फक्त सांगताना ते दोघांचं होतं. एका शब्दानं उचलीतला वाटा हातात येत नाही, हे आम्हालाही कळतं. पण जिथं कागद आपण लिहितो, तिथं तरी बाईला ‘सह’मध्ये का टाकायचं? आमच्याच गटात आम्ही धाकट्या जावेला तसं टाकलं होतं. बायांच्या वहीत, बायांच्या हातानं. कर्जाच्या वेळी ती ‘सह’ झाली, म्हणून फेडायच्या वेळीही ‘सह’च राहिली. तिच्याकडं बोट दाखवायला आम्हाला तोंड नव्हतं.

‘सह’ कधीच लिहू नये असं नाही. जिथं एक मुख्य आणि दुसरं खरंच बरोबरीला आहे, तिथं तोच शब्द नीट. “सभासदाने आधार कार्डासह अर्ज द्यावा.” अर्ज मुख्य, कार्ड त्याच्या जोडीला. “मालाच्या पावतीसह हिशेब मांडला.” इथं ‘आणि’ लिहायची गरज नाही. पण खरेदीच्या नोंदीत जपून. “गटाने दोन शेळ्यांसह एक बोकड विकत घेतला.” ‘घेतला’ हे बोकडाकडं बघून आलं. किंमत पुढं लिहिली असेल, तर ती बोकडाची की तिघांची, हा प्रश्न उभा राहतो. “दोन शेळ्या आणि एक बोकड विकत घेतला” असं लिहिलं तरी ‘घेतला’ जवळच्या बोकडाकडंच बघतं, पण निदान शेळ्या वाक्यात बरोबरीनं उभ्या राहतात. सगळ्यांत बरं म्हणजे एकाखाली एक ओळी करा. शेळ्या 2, त्यांची किंमत. बोकड 1, त्याची किंमत. खाली एकूण. ओळीत मांडलं की क्रियापदाला साक्षीला बोलवावं लागत नाही.

आता जावांच्या कर्जाचं काय झालं ते सांगतो. थोरलीला फोन लावला. ती म्हणाली, “पैसे घेताना सही माझी, पण शेळ्या दोघींच्या.” मग पुढच्या बैठकीत धाकटीसमोर वही ठेवली. तिला कुणी खोटं ठरवलं नाही. आम्हीच म्हणालो, “बाई, लिहिण्यात चूक आमची. आता तू सांग, दारातल्या दोन शेळ्या कुणाच्या?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माझ्या. एक व्याली पण आहे.”

जुनं वाक्य आम्ही खोडलं नाही. वहीतलं लिहिलेलं खोडायचं नसतं, खाली नवा ठराव घ्यायचा असतो. नवा ठराव असा लिहिला: “पूर्वी दिलेले 20,000 रुपये कर्ज थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ या दोघींनी प्रत्येकी 10,000 रुपये याप्रमाणे घेतले आहे. आजवर 6,000 रुपये मुद्दल फिटले. राहिलेले 14,000 रुपये दोघी प्रत्येकी 7,000 रुपये याप्रमाणे स्वतंत्रपणे फेडतील.” खाली धाकटीची सही घेतली. थोरलीला ठराव फोनवर वाचून दाखवला आणि ती गावी आल्यावर तिचीही सही घेतली. महिन्याचं व्याज 140 रुपये होतं, ते 70-70 झालं. मुद्दलाचा हप्ता 1,000-1,000 झाला. धाकटीनं आपला हप्ता त्याच बैठकीत दिला.

या ठरावात तीन शब्द आम्ही मुद्दाम घातले, तेवढे ध्यानात ठेवा. ‘आणि’, म्हणजे दोघी एका जोत्याला. ‘या दोघींनी’, म्हणजे मोजून किती ते ठरलं, कारण ‘ने’ लागला की क्रियापद मोजत नाही. आणि ‘प्रत्येकी’, म्हणजे कुणाच्या वाट्याला किती ते ठरलं, कारण ‘आणि’ एवढंच लिहिलं तर दोघी कर्जदार ठरतात, पण वाटे समजत नाहीत.

येत्या बैठकीत आपापली वही उघडा आणि गेल्या वर्षाच्या ठरावांतून फक्त ‘सह’, ‘सोबत’ आणि ‘बरोबर’ हे शब्द शोधा. जिथं सापडेल तिथं ‘सह’वालं नाव बोटानं झाका आणि उरलेलं वाक्य मोठ्यानं वाचा. त्या वाक्यात जी उरली, ती कर्ती. जी बोटाखाली गेली, तिनं खरंच कर्ज घेतलं असेल, सही केली असेल, काम केलं असेल, तर तिच्यासाठी खाली नवा ठराव घ्या. आम्ही आमच्या वहीत असं शोधलं, तेव्हा जावांचं धरून चार ठिकाणी सापडलं. एकूण चार, त्यांत जावांचं धरून.

येतो आता. रामराम.